चाळीस मिनिटं फोन, सव्वादोन तास लोकल

कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल आसनगावला येईपर्यंत भरलेली असते. आसनगावहूनच सुटणारी लोकल मात्र फलाटाला लागते तेव्हा रिकामी असते, आणि पुढच्या मिनिटभरात त्या गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाच्या सकाळचा निकाल लागतो. बसायला मिळालं तर वाशिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड करत कल्याणपर्यंतची चाळीसेक मिनिटं मांडीवर वही ठेवता येते. नाही मिळालं तर एक हात वरच्या कडीत, दुसरा पर्सवर, आणि डोळ्यांसमोर कुणाची तरी पाठ. अभ्यासाच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे प्रवास आहेत. दोन्हींसाठी एकच वेळापत्रक आखलं की ते आठवड्याभरात मोडतं.

उदाहरणादाखल एक मुलगी धरू. शहापूरजवळच्या गावात घर, ठाण्यात एका लहान ऑफिसात नोकरी, आणि एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी. घरात स्मार्टफोन एकच. तो दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या वडिलांकडे असतो, संध्याकाळी दहावीतल्या भावाकडे, आणि साडेनऊला जेवणं आटोपली की हिच्या हाती येतो. दहा-सव्वादहाला वडिलांना झोपायचं असतं आणि फोन त्यांच्या उशाशी चार्जिंगला लागतो. म्हणजे दिवसाला चाळीस मिनिटं. स्वतःच्या पर्समध्ये हिचा बटणांचा साधा फोन आहे, घरी पोचायला उशीर झाला तर कळवण्यापुरता.

अशा घरात फोन ‘आहे’ असं म्हणायचं का? ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची ‘असर’ पाहणी २०२३ साली झाली, तिने हा प्रश्न नीट विचारला होता. जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येत होता, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. अभ्यासाचं ॲप बनवणारा ‘घरी फोन आहे’ एवढंच गृहीत धरतो. तो कोणाच्या हातात, किती वाजता आणि किती डेटा उरलेला असताना येतो, हे घरातल्या मुलीलाच माहीत असतं.

चाळीस मिनिटं फोन आणि ठाण्यापर्यंत जाऊन-येऊन सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट दिसते. फोन हे अभ्यास करण्याचं साधन धरलं, तर अभ्यास चाळीस मिनिटांचाच होणार. तो फक्त माल आणण्याचं साधन धरला, आणि शिकणं कागदावर नि कानाने करायचं ठरवलं, तर लोकलचा वेळ मोकळा होतो. हा लेख आहे तो या वाटणीबद्दल.

आधी मालाचं वजन पाहू, कारण डेटा तिथेच सांडतो.

घरच्या फोनवर रोज दीड जीबीचा पॅक आहे. वडिलांचा नकाशा, भावाचे रील्स आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ यांतून रात्री साडेनऊला समजा ३०० एमबी उरले. ४८० पी दर्जाच्या व्हिडिओला साधारण एक मेगाबिट दर सेकंदाला लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी. चाळीस मिनिटांच्या एका लेक्चरमध्ये तीनशेच्या तीनशे एमबी संपले. तेच लेक्चर १४४ पीवर पाहिलं तर पन्नास एमबीच्या आसपास भागतं, आणि नुसता आवाज ६४ किलोबिटवर घेतला तर वीस एमबीसुद्धा लागत नाहीत.

आता मजकूर. युनिकोडमध्ये साठवलेल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तीनशे शब्दांच्या एका पानात काना-मात्रा धरून दोन हजार चिन्हं मानली, तर पान सहा केबीचं होतं आणि अडीचशे पानांचं पुस्तक दीड एमबीचं. म्हणजे अख्खं पुस्तक वर सांगितलेल्या व्हिडिओच्या बारा सेकंदांत बसतं. पण तेच पुस्तक कुणी पानापानाचे फोटो काढून पीडीएफ केलं असेल, तर ते पन्नास-शंभर एमबीचंही असू शकतं, कारण मग फोन अक्षरं नाही, चित्रं आणत असतो. म्हणून पीडीएफ उतरवण्याआधी तिच्या नावाशेजारचा आकडा वाचावा. दहा पानांच्या नोट्स तीस एमबीच्या असतील तर ते फोटो आहेत. अशा वेळी ज्याने पाठवल्या त्याच्याकडे टाइप केलेली प्रत मागावी, किंवा फोन स्कॅनरच्या ॲपमधून काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून पाठवायला सांगावं.

व्हिडिओ पूर्ण टाळावा असं कुणी म्हणणार नाही. पण त्याचा दर्जा विषयानुसार ठरवावा. फळ्यावर गणित सोडवून दाखवणारा व्हिडिओ १४४ पीवर निरुपयोगी असतो, वर्गाचा दोन आणि तीन यांतला फरक दिसत नाही. तिथे ३६० पीचा खर्च करावा. राज्यशास्त्राचे शिक्षक कॅमेऱ्याकडे पाहून बोलत असतील तर त्यांचा चेहरा किती स्पष्ट दिसतो याने काही अडत नाही. दर्जा ‘ऑटो’वर ठेवला की ॲप रेंज चांगली पाहून स्वतःच वरचा दर्जा निवडतं, म्हणजे डेटा वाचवण्याची गरज असलेल्या फोनवरच तो जास्त जातो. त्यामुळे दर्जा हाताने ठरवणं, एका व्हिडिओपाठोपाठ दुसरा आपोआप सुरू होणं बंद करणं, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं थांबवणं ही तीन कामं पहिल्याच रात्री करावीत. तिसरं करण्याआधी घरच्यांना सांगायला हवं. नाहीतर सकाळी ‘फोटो दिसत नाहीत’ म्हणून कुणीतरी सगळं पूर्ववत करतं.

रोजच्या पॅकचा हिशेब रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. उरलेला डेटा तेव्हा वाया जातो, पुढच्या दिवसात मिळत नाही. फोन रात्री चार्जिंगला लागलेला आणि कुणाच्याही हातात नसलेला असा असतो, त्यामुळे झोपण्यापूर्वी डाउनलोडला लावलेली फाइल हा या घरातला सर्वांत स्वस्त डेटा. पॅक संपला असला तरी सगळं संपत नाही. बऱ्याच पॅकमध्ये त्यानंतर ६४ किलोबिटच्या गतीने नेट चालू राहतं. या गतीला व्हिडिओ हलत नाही, पण पाच एमबीची पीडीएफ साडेदहा मिनिटांत उतरते. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मोफत असतात. त्या आणायला ही गती पुरते.

ज्यांच्याकडे फोन दिवसा असतो त्यांना आणखी एक वाट आहे. मोठ्या स्टेशनांवरच्या रेलटेलच्या वायफायवर दिवसातली पहिली तीस मिनिटं एक मेगाबिट गतीने मोफत मिळतात. पूर्ण गती मिळाली तर तीस मिनिटांत सव्वादोनशे एमबी होतात. त्यासाठी फलाटावर थांबावं लागतं, कारण गाडी सुटली की वायफाय मागे राहतं. धावत्या लोकलमध्ये व्हिडिओ पाहत अभ्यास करण्याचा बेत मात्र बहुतेकदा फसतो, आणि त्यात दोष पॅकचा नसतो. गाडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जात असते, प्रत्येक वेळी फोनला नवा टॉवर धरावा लागतो, आणि एकाच डब्यातले शेकडो फोन त्याच टॉवरकडे एकाच वेळी मागणी करत असतात. गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहण्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात.

तर आपल्या मुलीच्या चाळीस मिनिटांत काय व्हावं?

ती फोन हातात घेते तेव्हा तिच्याकडे एक चिठ्ठी असते. ही चिठ्ठी लोकलमध्ये तयार झालेली आहे. वाचताना अडलेलं प्रत्येक ठिकाण, न कळलेला शब्द, पुस्तकातल्या दोन ठिकाणी वेगळी सापडलेली तारीख, हे सगळं तिने दिवसभर त्यावर उतरवलं. हातात फोन असता तर तिने तिथेच शोधलं असतं, आणि शोधता शोधता दुसरीकडे गेली असती. चिठ्ठीवरच्या बऱ्याच शंका पुढचं पान वाचल्यावर आपोआप सुटतात. त्या ती स्वतःच खोडते. रात्रीपर्यंत तीन-चार उरतात. पहिली दहा मिनिटं त्यांची. त्याआधी, फोन हातात येताच, उद्यासाठी हवी असलेली फाइल उतरायला लावलेली असते, म्हणजे शोधाशोध चालू असताना ती मागे उतरत राहते. पुढची पंचवीस मिनिटं एकाच गोष्टीची: एक व्हिडिओ किंवा एका जुन्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न, आणि तेही पेन हातात घेऊन. शेवटची पाच मिनिटं उद्याच्या पिशवीसाठी.

इथे पर्समधला बटणांचा फोन कामाला येतो.

या फोनला इंटरनेट नसलं तरी बहुतेकांत मेमरी कार्डाची जागा, इअरफोनचं भोक आणि आवाज रेकॉर्ड करण्याची सोय असते. स्मार्टफोनवरची ऑडिओ फाइल ब्लूटूथने त्यात पाठवता येते आणि ब्लूटूथला डेटा लागत नाही. एक अडचण इथे हमखास येते. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हॉइस मेसेज `.opus` या प्रकारची फाइल असतो, आणि साधे फोन ती वाजवत नाहीत. त्यांना `.mp3` लागते, काहींना `.amr` आणि `.wav` चालतात. म्हणून आठ धडे पाठवण्याआधी एका मिनिटाची एक फाइल पाठवून ती वाजते का ते बघावं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतःच्याच आवाजात, थेट त्या साध्या फोनवर रेकॉर्ड करणं. त्याला डेटा शून्य लागतो. साधे फोन बोलण्यासाठी बनवलेल्या कमी दर्जात रेकॉर्ड करतात, त्यामुळे तासाभराचं बोलणं पाच-सहा एमबीत मावतं. पण धडा वाचून रेकॉर्ड करू नये. प्रश्न रेकॉर्ड करावेत. आधी प्रश्न, मग मनात सहापर्यंत आकडे मोजत शांतता, मग उत्तर. प्रत्येकी सहा-सहा सेकंद धरले तर वीस प्रश्न सहा मिनिटांत बसतात. फाइल याहून मोठी नको, कारण साध्या फोनवर मध्येच थांबून पुन्हा त्याच जागेवर येणं जिकिरीचं असतं. गर्दीत बोट भलत्या बटणावर पडलं की फाइल पहिल्यापासून सुरू होते. सहा मिनिटांची असेल तर फार बिघडत नाही.

शांततेचे ते सहा सेकंद सगळ्यांत मोलाचे आहेत, आणि याला भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१.

लोकलमध्ये अभ्यास करणाऱ्याने यातली दोन्ही बाजू लक्षात घ्यावी. धडा कानावर पुनःपुन्हा पडला की ठाणे येईपर्यंत सगळं ओळखीचं वाटू लागतं, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असतं. पण चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत चारही पर्याय ओळखीचेच दिसतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. सहा सेकंदांत उत्तर मनातल्या मनात आलं नाही, तर ते येत नाही, हे तिथेच कळतं.

आता पुन्हा फलाटावर येऊ. सकाळी बसायला मिळालं तर आसनगाव ते कल्याण हा पट्टा नव्या वाचनाचा. डोकं ताजं असतं आणि गर्दीही त्या मानाने कमी असते. पुस्तक जाडजूड असेल तर त्याचा एक धडा सोडवून घ्यावा किंवा झेरॉक्स काढावी. तीन माणसांच्या सीटवर चौथी असलेलीला सहाशे पानांचं पुस्तक उघडता येत नाही. कल्याणनंतर डबा भरतो, बसलेलीच्याही गुडघ्यांना गुडघे लागतात, आणि उभ्या असलेल्या बाईची बॅग पानावर येते. तिथून ठाण्यापर्यंत कान. कागद मिटायचा आणि सहा मिनिटांच्या दोन-तीन फाइल ऐकायच्या.

संध्याकाळी हे सगळं उलटं होतं. ठाण्याला चढतानाच गाडी खच्चून भरलेली असते, डोकं दिवसभराच्या कामाने थकलेलं असतं. अशा वेळी नवं काही शिकण्याचा हट्ट धरू नये. उभं राहून सकाळच्याच फाइल ऐकाव्यात. डोंबिवली-कल्याणला डबा मोकळा होऊ लागतो. लेडीज डब्यातला ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न वेळेवर विचारला असेल तर टिटवाळ्याच्या आत जागा मिळते, आणि मग हातात येतात त्या चिठ्ठ्या.

या चिठ्ठ्यांची पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२च्या पुस्तकातून लोकप्रिय केली. त्यांनी खोकी वापरली होती, पर्समध्ये पाकिटं पुरतात. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की एका हातात धरता येईल एवढी चिठ्ठी होते. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पाच पाकिटं करायची. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात, ती दुसऱ्या दिवशी पाहायची. उत्तर आलं तर ती पुढच्या पाकिटात जाते, आणि तिथून दोन, चार, आठ, सोळा दिवसांनी पुन्हा समोर येते. चुकली की कुठूनही थेट पहिल्या पाकिटात. पाकिटावर पुढची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली की रोज काय काढायचं हा विचार करावा लागत नाही.

चिठ्ठी कशी लिहायची यावर सगळं अवलंबून आहे. पंचायतराजचा धडा घेऊ. ‘७३व्या घटनादुरुस्तीची माहिती’ ही चिठ्ठी वाईट, कारण तिचं उत्तर आलं की नाही हे ठरवताच येत नाही. अर्धं आठवलं की माणूस स्वतःला पास करून टाकतो. तिच्या तीन चिठ्ठ्या करायच्या. ‘७३वी घटनादुरुस्ती कधी अमलात आली?’ मागे: २४ एप्रिल १९९३. ‘तिने राज्यघटनेत कोणती अनुसूची आली, तिच्यात किती विषय?’ मागे: अकरावी, २९. ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम कोणत्या वर्षाचा, अंमल केव्हापासून?’ मागे: १९६१, १ मे १९६२. एवढ्यावर थांबलं तर नुसते आकडे पाठ होतात, म्हणून प्रत्येक धड्यामागे दोन-तीन चिठ्ठ्या तुलनेच्या हव्यात: ‘बलवंतराय मेहता समिती आणि वसंतराव नाईक समिती यांचा भर कोणत्या पातळीवर?’ मागे: मेहता समितीचा तालुका किंवा गटपातळीवरच्या पंचायत समितीवर, नाईक समितीचा जिल्हा परिषदेवर. ही एक चिठ्ठी पक्की झाली की महाराष्ट्रात जिल्हा परिषद इतकी वजनदार का, याचा धागा हाती येतो, आणि सुट्या तारखा त्यावर लटकवता येतात.

रोज नव्या किती? उत्साहात पहिल्या रविवारी दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं सुटतं. गणित सोपं आहे. प्रत्येक चिठ्ठी महिन्याभरात पाच वेळा समोर येते. रोज दहा नव्या टाकल्या तर काही दिवसांनी रोज पन्नास पाहायच्या होतात, चुकून परतणाऱ्या धरून साठ-सत्तर. दहा सेकंदांना एक याप्रमाणे बारा मिनिटं: टिटवाळा ते आसनगाव या पट्ट्यात आरामात बसतात, दोन दिवस जागा मिळाली नाही तरी मागचं भरून काढता येतं. रोज तीस टाकल्या तर ओझं दोनशेच्या घरात जातं. ते अर्ध्या तासाहून जास्त काम आहे आणि एक मेगाब्लॉक झाला तरी कोलमडतं. याच तत्त्वावर चालणारं ‘अँकी’ नावाचं ॲप अँड्रॉइडवर मोफत आहे आणि चिठ्ठ्या एकदा उतरवल्या की नेटशिवाय चालते. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे त्याने ते जरूर वापरावं. पण जिचा फोन दिवसभर रिक्षात फिरतो तिच्यासाठी कागदच बरा.

काही गोष्टी मात्र लोकलमध्ये होत नाहीत, त्या होतील असं स्वतःला सांगणं हानिकारक आहे. लांब उत्तरं लिहिण्याचा सराव होत नाही. हलत्या डब्यातलं अक्षर घरी स्वतःलाच वाचता येत नाही. नव्या प्रकारचं गणित पहिल्यांदा समजून घेणं अवघड जातं, कारण मध्येच उठून जागा द्यावी लागली की मांडणीचा धागा तुटतो. आधी समजलेल्या प्रकाराचा तोंडी सराव मात्र चालतो. शहापूर ते आसनगाव शेअर रिक्षात किंवा घाटातल्या एसटीत वाचू नये. डोळे स्थिर पानाकडे बघत असतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला हिसक्यांची बातमी देत असतो. या विसंगतीतून मळमळ येते आणि पुढचा तासभर वाया जातो. त्या पट्ट्यात ऐकावं, किंवा खिडकीबाहेर पाहावं.

इअरफोनचाही नियम पक्का हवा. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेला तर कान दुखावतात. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवण्याऐवजी पुढच्या स्टेशनात गाडी थांबेपर्यंत फाइल थांबवावी. एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे स्टेशनाची घोषणा आणि शेजारणीची हाक दोन्ही कळतात. उतरण्याआधी दोन्ही काढून पर्समध्ये टाकावेत. कानात बोंडं घालून रूळ ओलांडणं कोणत्याही परीक्षेच्या तोलाचं नाही.

आणि झोप. पहाटे पाचला उठून रात्री अकराला झोपणाऱ्या मुलीला सकाळच्या गाडीत डुलकी लागली, तर ती लागू द्यावी. झोप अपुरी असेल तर वाचलेलं टिकत नाही. लागोपाठ चार दिवस वासिंदच्या आतच डोळे मिटत असतील, तर रात्रीच्या वेळापत्रकातून अर्धा तास कमी करावा लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

पद्धत चालते आहे की नाही, हे रविवारी कळतं. तेव्हा घरात टेबल मोकळं असतं. कोरा कागद घ्यायचा, आठवड्यात झालेल्या एका धड्याचं नाव वर लिहायचं, आणि वीस मिनिटं आठवेल तेवढं लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने भर घालायची. कागदावर निम्म्याहून जास्त लाल दिसलं तर पुढच्या आठवड्यात नवा धडा घेऊ नये. चिठ्ठ्यांची उत्तरं भराभर येतात पण कोऱ्या कागदावर धडा उभा राहत नाही, असं झालं तर चिठ्ठ्या सुट्या माहितीच्याच लिहिल्या गेल्या आहेत, तुलनेच्या आणि कारणांच्या कमी आहेत. एखादी चिठ्ठी चार-पाच वेळा पहिल्या पाकिटात परत आली, तर दोष आठवणीचा नाही, चिठ्ठीचा. तिच्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात, किंवा ती दुसऱ्या एखाद्या चिठ्ठीसारखी दिसत असते. ती फाडून वेगळ्या शब्दांत दोन लिहाव्यात.

राहिला घरातल्या फोनवरचा हक्क. ‘मला फोन हवा’ या वाक्यावर घराघरात वाद होतात, कारण त्यातून किती वेळ आणि कशासाठी हे कळत नाही. साडेनऊ ते दहा-दहा, हातात चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर चार प्रश्न, असं रोज दिसू लागलं की भाऊ आपली मॅच पावणेदहाला नाही, साडेनऊला थांबवतो. फोनमध्ये तिच्या नावाचा एक फोल्डर असतो आणि तो पुसायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत असतं. शिवाय त्यातलं कामाचं सारं बटणांच्या फोनच्या मेमरी कार्डावर गेलेलं असतं. जागा भरली म्हणून वडिलांनी एखाद्या दुपारी स्टँडवर बसून काही उडवलंच, तर तिच्या सकाळच्या फाइल शाबूत राहतात.

दहा वाजून आठ मिनिटांनी ती उद्याची प्रश्नपत्रिका डाउनलोडला लावते, फोन वडिलांच्या उशाशी ठेवते, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते. तिथे आवाज घुमत नाही. बटणांच्या फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून ती हलक्या आवाजात पहिला प्रश्न विचारते, आणि सहापर्यंत मोजू लागते.